बॅनरवर २२,४९१, हिशोबात २४,३९०: कॅशबॅकनंतरची खरी किंमत कशी काढायची?

ज्यांना हेडफोन लावायला वेळ मिळाला नाही, किंवा आकडे ऐकताना गोंधळ झाला, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी भाग. आकडे जास्त होते म्हणून इथे थोडं सावकाश लिहिलंय.

तर झालं असं. कराडला आईचं वॉशिंग मशीन बंद पडलं. मी पुण्यात. सेल चालूच होता, ॲपवर मोठ्ठा बॅनर: मशीनची किंमत २४,९९०, आणि खाली हिरव्या अक्षरांत "१०% कॅशबॅकसह फक्त २२,४९१*". मी बाबांना फोन केला, म्हटलं, "ऑर्डर टाकतोय." बाबा म्हणाले, "अरे थांब, आपल्या नेहमीच्या दुकानात विचारलंय मी. तेच मॉडेल २३,७०० म्हणतोय, घरी आणून जोडून देणार."

बाराशे रुपयांचा फरक दिसत होता. मी जवळजवळ "बाबा, तुम्हाला ऑनलाइनचं कळत नाही" असं बोलणार होतो. पण त्या किमतीशेजारी एक छोटी चांदणी होती. मागच्या दिवाळीत एका चांदणीने मला धडा शिकवला होता, म्हणून यावेळी आधी अटी उघडल्या.

पहिली अट: कमाल मर्यादा

अटींमध्ये लिहिलं होतं: १० टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये. म्हणजे २,४९९ नाही, १,५०० च. बॅनरवरचा २२,४९१ हा आकडा कोणालाच मिळणार नव्हता.

इथे एक छोटा भागाकार करा. कमाल मर्यादेला टक्क्याने भागा: १,५०० भागिले १० टक्के, म्हणजे १५,०००. या ऑफरमध्ये १५,००० पर्यंतच्या खरेदीवर खरोखर १० टक्के मिळतात. त्याच्या पुढच्या प्रत्येक रुपयावर शून्य. म्हणून २५,००० च्या वस्तूवर ती ऑफर ६ टक्क्यांची होते आणि ५०,००० च्या फोनवर ३ टक्क्यांची. जाहिरात तिन्ही ठिकाणी "१०%" च म्हणते.

"मग दोन ऑर्डर करू" हे डोक्यात येतंच. पण मर्यादा बहुतेक वेळा एका कार्डामागे, पूर्ण सेलच्या काळासाठी असते. आणि वॉशिंग मशीनचे दोन तुकडे तसेही होत नाहीत.

तर आता किंमत २३,४९०. दुकानापेक्षा अजूनही २१० रुपयांनी स्वस्त.

दुसरी अट: किमान खरेदी

मशीनच्या बाबतीत ही अट आपोआप पूर्ण होत होती. पण दिवाळीतला माझा घोळ नेमका इथेच झाला होता, म्हणून तो सांगतो.

मिक्सर घेत होतो, ४,७९९ चा. ऑफर: किमान ५,००० ची खरेदी, १० टक्के कॅशबॅक. मी हुशारी करून ३४९ ची पाण्याची बाटली कार्टमध्ये टाकली. झाले ५,१४८. खूश! मग पेमेंटच्या आधी २०० रुपयांचं कूपन दिसलं, तेही लावलं. भरले ४,९४८. महिनाभर कॅशबॅकची वाट बघितली. कस्टमर केअरला विचारल्यावर उत्तर आलं: किमान रक्कम कूपन वजा करून मोजली जाते. मी ५२ रुपयांनी कमी पडलो होतो. ५२ रुपयांचा साबण टाकला असता, तर ५,००० भरून ५०० परत आले असते आणि सगळं मिळून ४,५०० ला पडलं असतं. मी ४,९४८ भरून बसलो.

यात दोन गोष्टी आहेत. एक, टक्का आणि किमान रक्कम दोन्ही बहुतेक ठिकाणी शेवटी कार्डावरून जाणाऱ्या रकमेवर मोजतात, कार्टच्या वरच्या आकड्यावर नाही. दुसरी, बाटली टाकणं ही चूक नव्हती! "कॅशबॅकसाठी फालतू वस्तू घेऊ नका" असं सगळे सांगतात, पण ते नेहमी खरं नसतं. बघा: ५,००० भरले की ५०० परत, म्हणजे खर्च ४,५००. तुमचं बिल आधीच ४,५०० ते ५,००० च्या मध्ये असेल, तर वर काहीतरी टाकून ५,००० गाठणं स्वस्त पडतं, अगदी ती वस्तू कोणाला देऊन टाकली तरी. पण बिल ३,८०० असेल, तर ५०० मिळवायला तुम्ही १,२०० ची नको असलेली वस्तू घेताय. तिथे थांबायचं.

म्हणजे लक्षात ठेवायचा आकडा: किमान रकमेतून तिच्यावरचा कॅशबॅक वजा करा. ५,००० वजा ५००, बरोबर ४,५००. त्याच्या वर असाल तर भर टाका, खाली असाल तर सोडून द्या. फक्त हा कॅशबॅक खऱ्या पैशांत येणार असेल तरच. का, ते पुढे येतंय.

ज्यांना शीट वापरायची सवय आहे त्यांच्यासाठी, आतापर्यंतच्या दोन्ही अटी एका ओळीत. A1 मध्ये कूपन वजा करून भरायची रक्कम टाका, आणि ५,०००, १० टक्के, १,५०० हे आकडे तुमच्या ऑफरप्रमाणे बदला:

```
=IF(A1>=5000, A1-MIN(A1*10%,1500), A1)
```

तिसरी अट: उशीर

परत मशीनकडे. १,५०० रुपये ९० दिवसांनी येणार होते. आपल्याला वाटतं उशीर म्हणजे व्याजाचं नुकसान. मीही आधी तेच मोजलं. ७ टक्क्यांच्या एफडीच्या दराने १,५०० रुपयांचं ९० दिवसांचं व्याज होतं साधारण २६ रुपये. एक कटिंग आणि वडापाव. म्हणजे नुसत्या उशिराने काही बिघडत नाही.

बिघडतं ते तीन ठिकाणी.

पहिलं, कार्डाचं बिल आधी येतं आणि कॅशबॅक नंतर. बिल पूर्ण २४,९९० चं येणार, २३,४९० चं नाही. ते पूर्ण भरलं नाही, तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. एक महिना पूर्ण रक्कम थकली तर साधारण १,०३० रुपये. दीड हजारांतले हजार तिथेच गेले. महिनाअखेर तंगी असेल तर कॅशबॅकचा हिशोब करूच नका, आधी हा करा.

दुसरं, परतावा. कॅशबॅक उशिरा देतात त्याचं एक कारण हेच, की वस्तू परत करायची मुदत संपू दे. ऑर्डरमधली एखादी वस्तू परत केली आणि उरलेली रक्कम किमान अटीच्या खाली गेली, तर बहुतेक वेळा पूर्ण कॅशबॅक रद्द होतो. भर म्हणून टाकलेली बाटली परत करून दोन्हीकडून फायदा घेऊ म्हणाल, तर ते जमत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पैसे कोणत्या रूपात येणार?

कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जमा झाले तर ते खरे पैसे. १,५०० म्हणजे १,५००. पण मशीनच्या ऑफरमध्ये ते ॲपच्या वॉलेटमध्ये येणार होते. फक्त त्याच ॲपवर चालणार, ६० दिवसांत संपणार, आणि एका ऑर्डरच्या जास्तीत जास्त २० टक्के रक्कम त्यातून भरता येणार. या शेवटच्या वाक्याचा अर्थ नीट बघा. १,५०० पूर्ण वापरायचे तर दोन महिन्यांत त्या ॲपवर ७,५०० ची खरेदी करावी लागेल. म्हणजे बक्षिसालाच परत एक किमान खरेदीची अट.

मी माझ्या जुन्या ऑर्डर उघडल्या. सेल नसताना दोन महिन्यांत मी तिथून साधारण ३,००० चं सामान घेतो. त्याचे २० टक्के, ६००. म्हणजे कागदावरच्या १,५०० ची माझ्यासाठी किंमत ६०० रुपये. दुसऱ्या कोणाची वेगळी असेल. महिन्याचा किराणा तिथूनच भरणाऱ्याला पूर्ण १,५०० वसूल होतील.

तर शेवटी किती पडलं?

बॅनर म्हणत होता २२,४९१. मर्यादा लावल्यावर २३,४९०. वॉलेटची खरी किंमत धरल्यावर २४,९९० वजा ६००, म्हणजे २४,३९०. कराडचं दुकान: २३,७००, आजच्या आज, यूपीआयने. दुकान ६९० रुपयांनी स्वस्त.

हेच १,५०० जर स्टेटमेंटमध्ये येणार असते, तर २३,४९० अधिक उशिराचे २६, म्हणजे २३,५१६. मग ऑनलाइन १८४ रुपयांनी जिंकलं असतं. तोच टक्का, तीच मर्यादा, फक्त पैसे कुठे येतात एवढाच फरक, आणि उत्तर उलटं. आणि पेमेंट करतानाच वजा होणारी सूट असती, तर उशीर, वॉलेट, आठवण ठेवणं हे काहीच मोजावं लागलं नसतं. मर्यादा आणि किमान रक्कम मात्र तिथेही तपासायचीच.

म्हणून ऑफर दिसली की मी आता चार प्रश्न याच क्रमाने विचारतो. कार्डावरून नक्की किती जाणार? त्यावर मर्यादा धरून किती परत येणार? ते कोणत्या रूपात येणार? आणि त्यातलं मी खरंच किती वापरणार? पहिल्यातून चौथ्याचं उत्तर वजा केलं की ती आपली किंमत. घ्यायचं ठरलंच तर अटींचा स्क्रीनशॉट काढतो आणि शेवटच्या तारखेचा रिमाइंडर लावतो. सेल संपला की अटींचं ते पान बऱ्याचदा गायब होतं आणि भांडायला हातात काहीच उरत नाही.

मशीन दुकानातूनच घेतलं. संध्याकाळी बाबांचा फोन आला, "बसवून गेला रे. तुझं ते ॲप कितीला देत होतं शेवटी?" मी म्हटलं, "२४,३९० ला." ते म्हणाले, "पण तू तर बावीस म्हणाला होतास!"

त्यांना पण आता हा एपिसोड पाठवलाय.