वैमानिकाच्या घड्याळावरील हिशेबाचे कडे

हल्ली पुष्कळ तरुणांच्या मनगटावर एक भरगच्च घड्याळ दिसते. तबकडीभोवती आकड्यांची दोन कडी, एकास एक खेटून. पण ती कशासाठी, असे विचारले तर धारण करणाराही बहुधा निरुत्तर होतो. ब्राइटलिंग या स्विस कंपनीच्या १९५२ सालच्या 'नॅव्हिटायमर' घड्याळामुळे ही रचना प्रसिद्धीस आली. पुढे सिटिझन व सेइको या जपानी कंपन्यांनीही ती उचलली. विमान चालविताना इंधन, वेग आणि अंतर यांचे गणित मांडण्यासाठी ही योजना होती; परंतु धान्याच्या पेढीवरही ती तितकीच चालते.

आतील कडे स्थिर असते व बाहेरील फिरते. दोहोंवर १० पासून पुन्हा १० पर्यंत तेच आकडे असतात, मात्र ते समान अंतरावर नसतात. १० पासून २० जितके दूर, तितकेच २० पासून ४० आणि ४० पासून ८० दूर. म्हणजे सारखे अंतर पुढे गेले की संख्या सारख्या पटीने वाढते. त्यामुळे एक कडे दुसऱ्यावर फिरविणे हाच गुणाकार होय. लॉगरिथमचे तत्त्व ते हेच.

आता आपल्या व्यवहारातील उदाहरण घेऊ. गुजरातच्या बाजारांत भाव २० किलोच्या मणावर बोलला जातो, तर खानदेशातील व्यापारी क्विंटलचा भाव कळवितो. एवढे पाचपटीचे गणित कोणीही तोंडी करील. अडचण येते ती जुन्या वह्या उघडल्यावर. त्यांतील चाळीस शेरांचा सरकारी मण ३७.३२ किलोंचा होता. १९५६ च्या कायद्यान्वये दशमान वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि तो मण व्यवहारातून गेला. 'मण' हा शब्द मात्र राहिला. जुन्या वहीतील ४५ मण म्हणजे आजचे किती किलो?

बाहेरील कड्यावरील ३७.३ ची जागा आतील १० समोर आणावी. आता आतील ४५ समोर बाहेर पाहावे, तेथे १६.८ च्या आसपास रेघ मिळते. घड्याळ केवळ अंक सांगते, शून्ये आपणच द्यावयाची असतात. ४५ ला ढोबळ ४० ने गुणले तर १८०० होतात. सबब उत्तर १६८ नव्हे, १६,८०० नव्हे, तर १,६८० किलो. (कागदावरचे उत्तर १,६७९.४ येते.) खरी सोय पुढे आहे. कडे न हलविता आतील २२ समोर पाहिले की ८२ मिळते, म्हणजे २२ मणांचे सुमारे ८२० किलो. वहीचे सबंध पान एकाच मांडणीवर उतरविता येते.

गुणाकाराची रीतही हीच. १६० क्विंटल तूर, भाव ७,३०० रुपये. बाहेरील १६ आतील १० समोर आणावा आणि आतील ७३ समोर वाचावे: ११.७. अंदाजाने शून्ये देता ११ लाख ७० हजार रुपये होतात. खरी रक्कम ११,६८,००० आहे. भागाकार उलट रीतीने होतो: बाहेरील ११.७ आतील ७३ समोर धरून आतील १० समोरचा अंक वाचावा.

या दोन हजारांच्या फरकाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अंकांच्या कड्याचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे १२५ मिलिमीटर भरतो, आणि त्यावर एक टक्क्याचा फरक म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. नजर पाव मिलिमीटर चुकली तर अर्धा टक्का गेला; वरील गाडीवर तो ५,८४० रुपये होतो. म्हणून या उत्तरावर बिल कधीही फाडू नये. मुनीमाने ११ लाख ६८ हजारांऐवजी १ लाख १६ हजार ८०० लिहिले, किंवा जुना मण नव्या मणाच्या हिशेबात धरला, तर तसली ढोबळ चूक पकडण्यास मात्र ते पुरेसे आहे.

नवख्याकडून दोन चुका हमखास होतात. पहिली, आतील १० ऐवजी ६० वरील खुणेवर मांडणी करणे. ती खूण तासाच्या ६० मिनिटांसाठी आहे: बाहेरील ४८ तिच्यासमोर आणला, तर ताशी ४८ किलोमीटर चालणारा ट्रक १५० मिनिटांत किती जाईल ते आतील १५ समोर कळते, १२० किलोमीटर. दुसरी चूक तिरक्या नजरेची. कड्यांच्या पातळीत किंचित फरक असतो, त्यामुळे बाजूने पाहिल्यास रेघ सरकलेली दिसते. घड्याळ घेताना बाहेरील १० आतील १० वर आणून, सरळ वरून, सर्व आकडे जुळतात का ते पाहावे. २० समोर २० आणि ५० समोर ५० न आल्यास कड्याची छपाई वा बसवणूक सदोष आहे. ते घड्याळ वेळ पाहण्यापुरतेच ठेवावे.