नमुन्याचा आकार कशावर ठरतो?

जिल्हा मोठा असेल तर पाहणीसाठी घेतलेला नमुनाही त्याच मानाने मोठा हवा, निदान शेकडा दहा घरांची तरी मोजदाद व्हावी, ही समजूत सुशिक्षितांतही इतकी दृढ आहे की, हजारभर माणसांना विचारून कोट्यवधींविषयी केलेले विधान त्यांना सकृद्दर्शनीच अग्राह्य वाटते. ही समजूत चुकीची आहे.

समजा, एका तालुक्यातील सर्व कुटुंबांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून ४०० कुटुंबे निवडली आणि त्यांपैकी १६० घरांत नळ आढळला. म्हणजे प्रमाण शेकडा ४० आले. अशी निवड पुनःपुन्हा केली तर हे प्रमाण दर वेळी किंचित बदलेल. परंतु केंद्रीय सीमा प्रमेयानुसार ते सारे आकडे खऱ्या प्रमाणाभोवती प्रसामान्य वक्राच्या आकाराने विखुरतात आणि त्या विखुरण्याचे माप, म्हणजे प्रमाण त्रुटी, √(p(1−p)/n) इतके असते. येथे p हे नमुन्यातील प्रमाण व n ही नमुन्यातील कुटुंबसंख्या. आपल्या उदाहरणात ही त्रुटी ०.०२४५ भरते, तिला १.९६ ने गुणले की ०.०४८ येतात, म्हणून ९५ टक्के विश्वास अंतराल ३५.२ ते ४४.८ टक्के ठरते. तालुक्याची एकूण कुटुंबसंख्या या हिशेबात कोठेच आलेली नाही.

हाच हिशेब उलट मांडला की नमुन्याचा आकार मिळतो: n = 1.96² × p(1−p) / d², यात d ही आपल्याला चालणारी चूक. p आधी ठाऊक नसतो, म्हणून तो निम्मा धरावा; p(1−p) त्या ठिकाणी सर्वाधिक असल्याने नमुना कमी पडण्याची धास्ती उरत नाही. तीन टक्क्यांच्या चुकीसाठी १,०६८ कुटुंबे लागतात, मग जिल्हा असो वा देश. दहा हजारच कुटुंबांचा लहान मुलूख असेल तर सुधारणा करून ९६५ पुरतात. मात्र चूक दीड टक्क्यावर आणायची तर ४,२६९ हवीत, कारण अंतराल निम्मे करण्यास नमुना चौपट लागतो. खर्चाच्या मंजुरीपूर्वी हेच तपासावे.

दुसरा गैरसमज ‘९५ टक्के’ या शब्दांचा. खरे प्रमाण ३५.२ ते ४४.८ यांत असण्याची संभाव्यता ९५ टक्के, असा त्यांचा अर्थ नाही. जर्झी नेमन यांनी १९३७ साली मांडल्याप्रमाणे खरे प्रमाण स्थिर असते, बदलते ते अंतराल. या रीतीने काढलेल्या शंभर अंतरालांपैकी सुमारे पंचाण्णव त्याला कवेत घेतात, एवढीच ग्वाही आहे.

आणि ही ग्वाही यदृच्छ निवडीवाचून व्यर्थ आहे. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ने वीस लाखांहून अधिक उत्तरे गोळा केली, सूत्राप्रमाणे चूक एक दशांश टक्क्याहूनही कमी निघते. साप्ताहिकाने रूझवेल्ट यांना सुमारे ४३ टक्के मते दिली, प्रत्यक्षात ती ६१ टक्क्यांच्या आसपास पडली. कारण नावे टेलिफोन व मोटारींच्या याद्यांतून घेतलेली होती आणि उत्तर न देणाऱ्यांचा कौल कोणी पाहिलाच नव्हता. यास्तव कोणत्याही पाहणीचा आकडा वाचताना नमुना किती मोठा होता, याआधी तो कोणत्या यादीतून व कसा निवडला, हे वाचकाने विचारावे.