रोख कसरीचा वार्षिक दर आणि कर्जाचे व्याज : विक्रेत्याच्या दृष्टीने

उधारीवर माल विकणारा कारखानदार जेव्हा बिजकावर '१० दिवसांत रक्कम भरल्यास २ टक्के कसर, अन्यथा ४५ दिवसांत संपूर्ण रक्कम' अशी अट छापतो, तेव्हा तो वस्तुतः गिऱ्हाइकाकडून कर्ज घेत असतो. पस्तीस दिवसांनी मिळावयाचे १०० रुपये आजच हाती यावेत म्हणून तो ९८ रुपयांवर संतोष मानतो. सोडून दिलेले २ रुपये हे या कर्जाचे व्याज होय. परंतु ते व्याज म्हणून कोठेही लिहिले जात नाही. खातेवहीत त्याची नोंद कसर खाती होते, आणि बँकेचे व्याज व्याजखाती पडते. दोन्ही रकमा एकाच प्रकारच्या खर्चाच्या असूनही त्यांची तुलना होत नाही, याचे एक कारण हेच आहे.

तुलना करावयाची तर कसरीचे रूपांतर दरसाल दर शेकडा दरात केले पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की, हाती आलेली रक्कम ९८ रुपये आहे; म्हणून २ ला १०० ने नव्हे, तर ९८ ने भागावयाचे. दुसरी अशी की, हा मोबदला वर्षाचा नसून केवळ ३५ दिवसांचा आहे. म्हणून :

(२ ÷ ९८) × (३६५ ÷ ३५) = ०.२१३, म्हणजे दरसाल दर शेकडा २१.३.

हा सरळव्याजाचा दर झाला. हाच व्यवहार वर्षभर पुनःपुन्हा होतो असे मानून चक्रवाढीने हिशेब केला, तर तो सुमारे २३.५ टक्के येतो. बँकेचा दर सरळ पद्धतीने घेतला असेल तर कसरीचाही सरळ दर घ्यावा, आणि एक चक्रवाढीने मांडला तर दुसराही तसाच मांडावा. पुढील विवेचनात सर्वत्र सरळ दरच घेतले आहेत.

अनेक पाठ्यपुस्तकांतील विवेचन येथेच संपते. तथापि २१.३ हा दर मुख्यत्वे खरेदीदाराच्या उपयोगाचा आहे. कसर नाकारून ३५ दिवस थांबणे त्याला किती महाग पडते, हे तो सांगतो. विक्रेत्याचा खर्च त्याहून निराळा असू शकतो. कारण कसर घेणारे प्रत्येक गिऱ्हाईक कसरीमुळेच लवकर पैसे देते असे नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एका लघुउद्योगाची वार्षिक उधार विक्री ३ कोटी ६५ लक्ष रुपये, म्हणजे दररोज सरासरी १ लक्ष रुपये आहे. उधारीची मुदत ४५ दिवसांची आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या अधिनियमाने करारातील मुदतीस घातलेली कमाल मर्यादाही तेवढीच आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर व्याजाचा दर ११ टक्के आहे. कसरीची अट घालण्यापूर्वी एकूण विक्रीपैकी २० टक्के विक्रीची रक्कम आपण होऊन दहाव्या दिवशी येत असे, ५० टक्के पंचेचाळिसाव्या दिवशी, आणि ३० टक्के मुदत उलटून पंचाहत्तराव्या दिवशी.

आता २ टक्के कसर जाहीर झाली. पंचेचाळिसाव्या दिवशी येणाऱ्या ५० टक्क्यांपैकी ३० टक्के विक्रीची रक्कम दहाव्या दिवशी येऊ लागली. उशीर करणारे मात्र आपल्या चालीनेच चालत राहिले. याचा परिणाम असा की, दररोज ३०,००० रुपयांच्या विक्रीमागे २९,४०० रुपये ३५ दिवस आधी मिळू लागले. म्हणजे १० लक्ष २९ हजार रुपये कायमचे मोकळे झाले. ते बँकेकडून घेतले असते, तर वर्षाचे व्याज सुमारे १ लक्ष १३ हजार रुपये पडले असते.

उलट बाजूस कसर किती द्यावी लागली? ती नव्या ३० टक्के विक्रीवर तर द्यावी लागलीच, पण पूर्वीपासून वेळेआधी पैसे देणाऱ्या २० टक्के विक्रीवरही द्यावी लागली. कारण अट सर्वांसाठी एकच होती. एकूण निम्म्या विक्रीवर २ टक्के, म्हणजे ३ लक्ष ६५ हजार रुपये गेले. त्यांपैकी १ लक्ष ४६ हजार रुपयांच्या बदल्यात एक दिवसही पदरात पडला नाही. मोकळ्या झालेल्या रकमेशी संपूर्ण कसरीचे प्रमाण काढले, तर दर २१.३ नव्हे, ३५.५ टक्के येतो.

यातून एक सोपा नियम हाती येतो. सूत्राने आलेल्या दरास, कसर घेणाऱ्या विक्रीपैकी खरोखर वर्तन बदललेल्या विक्रीच्या प्रमाणाने भागावे. वरील उदाहरणात ते प्रमाण ५० मध्ये ३०, म्हणजे ०.६ आहे, आणि २१.३ ला ०.६ ने भागता ३५.५ मिळतात.

कसरीचा दर उतरवून हा प्रश्न सुटेल काय? या उदाहरणात ११ टक्क्यांच्या कर्जाशी बरोबरी साधावयाची, तर कसर सुमारे ०.६३ टक्क्यावर आणावी लागते. परंतु एवढ्या अल्प कसरीतून खरेदीदारास मिळणारा वार्षिक लाभ ६.६ टक्केच होतो. स्वतः ११ टक्क्यांनी कर्ज काढणारा खरेदीदार तीकडे ढुंकूनही पाहणार नाही. विक्रेत्यास परवडते ती कसर खरेदीदारास नको, आणि खरेदीदारास हवी ती विक्रेत्यास परवडत नाही. दोघांचे व्याजदर सारखे असताना रोख कसरीला सहसा आर्थिक आधार नसतो, तो याच कारणाने.

तो आधार दोन परिस्थितींत मिळतो. पहिली, विक्रेत्याची बँकमर्यादा संपलेली असणे. बँका जुनी उधारी तारण म्हणून धरीत नाहीत व उरलेल्या उधारीवरही मार्जिन राखतात. अशा वेळी पुढचा रुपया बाहेरून २४ टक्क्यांनी मिळत असेल, तर तुलना ११ शी नव्हे, २४ शी करावयाची. तरीही ३५.५ हा दर महागच ठरतो. कसर घेणाऱ्या विक्रीपैकी जवळजवळ नऊदशांश विक्री नव्याने लवकर वसूल होणारी असेल, तरच तो २४ च्या आत येतो. दुसरी परिस्थिती, पंचाहत्तराव्या दिवशी पैसे देणारे गिऱ्हाईक दहाव्या दिवसावर येणे. तेथे ६५ दिवस वाचतात आणि दर ११.५ पर्यंत उतरतो. अडचण एवढीच की, असा खरेदीदार बहुधा पैशाच्या टंचाईमुळेच उशीर करीत असतो. कसर पाहून त्याच्या हाती पैसा येत नाही. बुडीत उधारीचा धोका कमी होतो, हा युक्तिवादही याच जागी लंगडा पडतो. कसर घेणारे बहुधा मुळातच न बुडविणारे असतात.

शेवटी एका गळतीचा उल्लेख आवश्यक आहे. काही गिऱ्हाईके तिसाव्या दिवशी पैसे पाठवितात आणि तरीही २ टक्के कापून घेतात. संबंध बिघडू नयेत म्हणून विक्रेता गप्प राहतो. येथे वाचलेले दिवस केवळ १५ असल्याने दर ४९.७ टक्क्यांवर जातो. ही गळती कसरखात्याच्या एकूण रकमेवरून कधीच कळत नाही. कसरीच्या प्रत्येक नोंदीसमोर बिजकाची तारीख, बँकेत रक्कम जमा झाल्याची तारीख आणि त्याच गिऱ्हाइकाची योजनेपूर्वीच्या वर्षातील सरासरी मुदत असे तीन रकाने मांडले, तर कोणी कसर कमावली, कोणाला ती फुकट मिळाली आणि कोणी ती कापून घेतली, हे वेगळे होते. वार्षिक दर काढावयाचा तो या तीन रकान्यांवरून. बिजकावर छापलेल्या अटीवरून नव्हे.