कडांच्या पायऱ्या

गेममध्ये दूरवरची विजेची तार सरळ दिसत नाही, पायऱ्यापायऱ्यांची दिसते. कारण प्रत्येक पिक्सेलच्या मध्यबिंदूवर एकदाच तपासलं जातं, तार इथे आहे की नाही.

मल्टिसॅम्पलिंग हीच तपासणी पिक्सेलमधल्या चार बिंदूंवर करतं. दोन बिंदू तारेवर पडले, तर पिक्सेलला अर्धा रंग तारेचा, अर्धा आकाशाचा. रंगाचं महागडं गणित मात्र प्रत्येक त्रिकोणासाठी पिक्सेलमागे एकदाच होतं. भार येतो मेमरीवर. १९२० बाय १०८० च्या पडद्याला रंग आणि खोली मिळून पिक्सेलमागे ८ बाइट धरले, तर साधारण १७ मेगाबाइट लागतात. चौपट केले की ६६. आजची बरीच इंजिनं प्रकाशाचा हिशेब नंतर करायला असे चार-पाच थर साठवतात, तिथे हा खर्च परवडत नाही. शिवाय ओल्या रस्त्यावरची चमचम तशीच राहते, कारण ती त्रिकोणाच्या कडेवर नसते, आत असते.

टेम्पोरल पद्धत दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलच्या अंशाने हलवते आणि नव्या चित्राचा जेमतेम दहावा हिस्सा जुन्यात मिसळते. खर्च कमी, चमचमही शमते. पण धावणाऱ्या पात्रामागून उघडी पडलेली भिंत आधीच्या फ्रेममध्ये नव्हतीच. जुना रंग वेळीच टाकला नाही, तर मागे भुताटकी उमटते. पारख सोपी: स्थिर उभे राहून झाडाची पानं बघा, मग कॅमेरा फिरवा. फिरवताना पानं पुसट झाली, तर बहुधा टेम्पोरल चालू आहे असं समजा. मला तरी तो पुसटपणा चमचमीपेक्षा बरा वाटतो.