‘हे सुधारून द्या’ : क्रम, शब्द की दृश्यरचना?

स्लाइडचा संच सुधारण्यासाठी आला की दोष पुढील तीनपैकी कोठे आहे, हे आधी ठरवले जाते.

- क्रम म्हणजे मुद्द्यांची साखळी. केवळ शीर्षके सलग वाचून युक्तिवाद लागत नसेल, तर दोष क्रमाचा असतो व तो प्रथम दूर केला जातो, कारण त्यात काही स्लाइड गळतात किंवा जागा बदलतात.
- शब्दयोजना सदोष असते, तेव्हा शीर्षक एक सांगते आणि खालचा मजकूर दुसरेच सुचवतो.
- दृश्यरचना, म्हणजे अक्षरांचा आकार, रंग व मोकळी जागा, सदोष असते, तेव्हा साध्या कागदावर उतरवलेला तोच मजकूर सहज कळतो.

उदाहरण : जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ अंतराळयानाच्या पंखावर फोमचा तुकडा आदळल्यानंतर तयार झालेल्या एका स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते, मात्र ज्या चाचणीच्या आधारे हा दिलासा दिला होता तिच्यातील तुकडा ३ घनइंचांचा, तर आदळलेला अंदाजे १,९२० घनइंचांचा होता, ही बाब अगदी तळाच्या ओळीत होती. १ फेब्रुवारीला यान नष्ट झाले आणि चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची चिकित्सा झाली. येथे दोष शब्दयोजनेचा होता, त्यामुळे रंग किंवा अक्षरे बदलून तो दूर झाला नसता. तळची ओळ शीर्षकात येणे आवश्यक होते.