चाकं जड झाली की गाडी मंद का होते?

गाडीला मोठी अलॉय व्हील्स बसवली की ती रुबाबदार दिसते, पण सिग्नलवरून निघताना थोडी सुस्त वाटू लागते. याचं कारण फक्त वाढलेलं वजन नाही.

डिकीत ठेवलेली पिशवी गाडीबरोबर फक्त पुढे जाते. चाक मात्र पुढेही जातं आणि स्वतःभोवती फिरतंही. त्यामुळे इंजिनाला चाकासाठी दोनदा ऊर्जा मोजावी लागते: एकदा ते पुढे नेण्यासाठी आणि एकदा ते फिरवण्यासाठी. ही दुसरी ऊर्जा किती, हे चाकाच्या जडत्व आघूर्णावर, म्हणजे वस्तुमान आसापासून किती दूर आहे यावर ठरतं.

प्रभावी वस्तुमान म्हणजे काय?

फिरण्याचा हा विरोध जणू गाडीचं वस्तुमानच वाढल्यासारखा मोजता येतो. चाकाचं जडत्व आघूर्ण I आणि त्रिज्या r असेल, तर प्रत्येक चाकामागे गाडीच्या वस्तुमानात I/r² इतकी भर पडते. या बेरजेला प्रभावी वस्तुमान म्हणतात. चाकाचं सगळं वस्तुमान अगदी कडेला असतं, तर ही भर चाकाच्या वस्तुमानाइतकीच असते. सपाट भरीव तबकडी असेल तर ती निम्मी होते. खऱ्या चाकात टायर आणि रिम बाहेरच्या बाजूला असल्याने ती या दोहोंच्या मध्ये येते. इथे ती पाऊणपट धरू.

एक उदाहरण

चालकासह गाडी १००० किलोची आहे आणि टायरसह प्रत्येक चाक १५ किलोचं आहे. चार चाकांचे ६० किलो होतात, त्यांची पाऊणपट ४५. म्हणून प्रभावी वस्तुमान १०४५ किलो.

आता तेवढ्याच बाहेरच्या व्यासाची, पण २० किलोची चाकं बसवली. गाडी १०२० किलोची झाली आणि फिरण्याची भर ६० किलो झाली. एकूण १०८० किलो. म्हणजे वाढलं २० किलो, पण इंजिनाला जाणवले ३५ किलो. तेवढाच जोर लावल्यास त्वरण सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. आधी १२ सेकंदांत १०० किमी वेग गाठणाऱ्या गाडीला आता साधारण १२.४ सेकंद लागतील. तेच २० किलो डिकीत ठेवले असते, तर सुमारे १२.२ सेकंद लागले असते.

दावे कुठे फसतात?

‘चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ असं अनेकदा सांगितलं जातं. त्वरणापुरतं ते खरं नाही. वस्तुमान अगदी कडेला असलं, तरी एक किलो जास्तीत जास्त दोन किलोंइतकाच जाणवतो.

हा फरक वेग बदलतानाच दिसतो. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना चाकांना नव्याने ऊर्जा द्यावी लागत नाही. शहरात मात्र दर सिग्नलला ही ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते आणि पुढच्या क्षणी ती पुन्हा पेट्रोलमधून द्यावी लागते. म्हणून नवी चाकं घेताना इंचांबरोबर किलोही विचारावेत.