भवानी पेठेचा रेखांश, बत्तीस बिटांत

सोलापूरची भवानी पेठ साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९ अंश पूर्व रेखांशावर येते. यातला ७५.९ हा आकडा दिसायला साधा आहे, पण संगणकाला तो नेमका लिहिता येत नाही.

१९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ मानकानुसार ३२ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत एक बिट चिन्हाचा, आठ घातांकाचे आणि तेवीस मँटिसाचे असतात. ७५.९ त्यात बसवून पाहू. ७५ म्हणजे द्विमान पद्धतीत १००१०११. उरलेल्या ०.९ ला दोनाने गुणत जायचे आणि प्रत्येक वेळी दशांशचिन्हाच्या डावीकडे आलेला अंक टिपायचा: १.८, मग १.६, १.२, ०.४, ०.८ आणि पुन्हा १.६. इथून तेच चक्र फिरत राहते, बाकी शून्य कधीच येत नाही.

आता द्विमान बिंदू सहा घरे डावीकडे सरकवला की संख्या १.००१०११११… गुणिले दोनाचा सहावा घात अशी होते. घातांक सहा असला तरी साठवताना त्यात १२७ मिळवून १३३ लिहितात. त्यामुळे ऋण घातांकासाठी वेगळे चिन्ह लागत नाही. सुरुवातीचा १ नेहमीच असणार, म्हणून तो लिहीतच नाहीत. असा एक बिट फुकटात मिळतो!

```
0 10000101 00101111100110011001101
```

तेविसाव्या बिटावर तोडताना शेवट वर पूर्णांकित झाला. साठवले गेले ते ७५.९००००१५२५…, म्हणजे जमिनीवर सुमारे सोळा सेंटिमीटर पूर्वेला.

खरी गंमत पुढे आहे. ६४ ते १२८ या पट्ट्यातल्या लगतच्या दोन संख्यांमध्ये दोनाचा उणे सतरावा घात एवढे अंतर असते. सोलापुरात त्याचे सुमारे ८१ सेंटिमीटर होतात. अक्षांश मात्र १६ ते ३२ च्या पट्ट्यात पडतो, तिथली पायरी २१ सेंटिमीटरची. म्हणजे पेठेवर एक अदृश्य जाळी पसरली आहे, पूर्व-पश्चिम विरळ आणि उत्तर-दक्षिण दाट. गोव्यात अक्षांश १६ च्या खाली जातो, तेव्हा ती पायरीही निम्मी होते.

दुकान शोधायला याने काही बिघडत नाही. मोबाइलच्या जीपीएसची चूक बहुधा याहून मोठी असते. बिघडते ते जवळच्या दोन बिंदूंची वजाबाकी करताना. मोठे अंक कटतात आणि उरतो तो बहुतांश पूर्णांकनाचा अवशेष. आठ फुटी ओट्याची पूर्व-पश्चिम लांबी अशा आकड्यांतून काढली तर उत्तर ८१ सेंटिमीटरच्या पटीतच येणार. नकाशावर बरेच बिंदू एकाच उभ्या रेषेवर ओळीने बसलेले दिसले, तर कुठेतरी ३२ बिट वापरले गेले असा संशय घ्यावा.

मूळ अक्षांश-रेखांश ६४ बिटांत ठेवणे हा सरळ उपाय. त्यात मँटिसा ५२ बिटांचा असतो आणि हीच पायरी दीड नॅनोमीटरवर येते. जागा वाचवायचीच असेल तर पेठेचा एक कोपरा ६४ बिटांत धरावा, तिथून प्रत्येक बिंदूचे मीटरमधले अंतर ६४ बिटांतच काढावे आणि मगच ते ३२ बिटांत साठवावे. पाचशे मीटरवरही तेव्हा पायरी ०.०३ मिलिमीटरची राहते. आधी ३२ बिटांत कोंबून नंतर वजाबाकी केली, तर गेलेले बिट परत येत नाहीत.